भूषणचं चालतं बटण

तुमसरच्या बाजारपेठेत हेमराजचं सायबर कॅफे होतं. बापाच्या हातमागावर धागा तुटला की हा पळून जायचा, आणि म्हणायचा काय, तर मले बारीक काम जमते. गल्लीतल्या बाया हसायच्या. पण कॉम्प्युटरमध्ये खरंच जमायचं, हे नाकारून चालणार नाही.

तिसऱ्या मशीनवर भूषण बसायचा. त्याचा स्नायूंचा आजार बोटांपर्यंत आला होता. आई दुर्गाबाई त्याला पाठुंगळी आणून खुर्चीत ठेवायची. त्याचा बंदुकीचा खेळ ठरलेला होता. शिपायाला पुढे न्यायचं तर बटण दाबूनच धरावं लागायचं, आणि तेवढीच ताकद आता उरली नव्हती.

"एकदा दाबलं का चालत राहिला पाह्यजे, हेमराजभाऊ. दुसऱ्यांदा दाबलं का थांबला पाह्यजे."

खेळाच्या सेटिंगमध्ये असं काही नव्हतंच. हेमराज म्हणाला, "मेनूत नसलं तं फाईलीत लिहून देतो. उद्या ये, शिपाई तुह्या बापाचंही ऐकन."

बटणाचं नाव बघायला त्याने खेळ उघडला, चालूच ठेवून खाली मिनिमाइझ केला आणि नोटपॅडमध्ये खेळाची सेटिंग साठवणारी कॉन्फिग फाईल उघडली. 'चल' नावाची ओळ लिहिली: पुढे जाणं सुरू कर आणि याच बटणावर 'थांब' ठेव. मग 'थांब'ची ओळ: पुढे जाणं बंद कर आणि बटणावर परत 'चल' ठेव. शेवटी 'चल'ला पी बटण जोडलं, फाईल सेव्ह केली आणि ऐटीत खेळ बंद केला. तिथंच घात झाला. खेळ बंद होताना आपली जुनी सेटिंग त्याच फाईलवर पुन्हा लिहितो. हेमराजच्या ओळी पुसल्या गेल्या, आणि या शहाण्याने तपासलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भूषणने पी दाबलं. शिपाई जागचा हलेना. त्याने पाच-सहादा दाबलं.

"तुहा शिपाई बी माह्यासारखाच झाला बे," भूषण म्हणाला, आणि हसला. "राहू दे. उद्या कर."

हेमराजला तोंड वर करवेना. त्याच संध्याकाळी त्याने त्या ओळी वेगळ्या ऑटोएक्झेक फाईलीत लिहिल्या. तिच्यावर खेळ काही लिहीत नाही, सुरू होताना नुसती वाचतो. खेळ बंद करून, पुन्हा उघडून दोनदा तपासलं. शिपाई चालला.

दुसऱ्या दिवशी भूषण आला नाही. त्या पहाटेच त्याचा श्वास थांबला होता.

तेरवी झाल्यावर दुर्गाबाई एकटीच कॅफेत आली. तिसऱ्या मशीनपुढे बसली.

"तो म्हणे, हेमराजभाऊ मले चालवनार हाय. दाव बरं, कसा चालला असता."

हेमराजने खेळ लावला आणि पी दाबलं. बोट उचललं तरी शिपाई चालतच राहिला. अंगण संपलं, भिंत आली. भिंतीला टेकूनही त्याचे पाय हलत होते.

दुर्गाबाई पाहत राहिली. मग म्हणाली, "थांबव आता त्याले. दमला असन."

हेमराजचं बोट पीवर होतं. ते दाबायला त्याला फार वेळ लागला.