उपकंपनीला पंधरापैकी पंधरा

आमच्या पंपांच्या कारखान्यात निर्यातीचं खातं मालकांच्या मेहुण्यांकडे आहे. आम्ही त्यांना मार्कमामा म्हणतो, कारण ते चहालाही मार्क देतात. परदेशात पंप विकायचं ठरलं, तेव्हा मामांनी मीटिंगमध्ये तक्ता झळकवला. इथूनच निर्यात करायची, तिथल्या कुणाबरोबर भागीदारीत कंपनी काढायची, की संपूर्ण स्वतःची उपकंपनी? निकष तीन: जोखीम, ताबा आणि खर्च, प्रत्येकाला पाचपैकी मार्क. जितकं जास्त, तितके मार्क. निर्यातीला तिन्हींत एकेक, म्हणजे तीन. भागीदारीला नऊ. उपकंपनीला पंधरापैकी पंधरा! टाळ्या पडल्या.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, ताबा जास्त असणं चांगलं, जोखीम आणि खर्च जास्त असणं वाईट. त्या दोन्हींचे मार्क उलटे धरा. मग निर्यातीला अकरा येतात आणि उपकंपनीला सात."

"पहिल्या आलेल्याला नापास करतोस? पोटात दुखतंय तुझ्या!" मामा गरजले. मालकांनी मान डोलावली.

उपकंपनी दोन वर्षांत गुंडाळावी लागली. मामांनी तिचाही तक्ता मांडला: ताबा पाच, खर्च पाच, तोटा पाच.

मालकांनी बेरीज पाहिली आणि मामांना बढती दिली.