मिसरीनं दडवलेलं रक्त

पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रतिभाबाईंच्या हिरड्यांतून सत्तावन्न साली रक्त येऊ लागलं. पेस्ट झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, महिना गेला तरी रक्त हटेना. मग सासूनं आपली मिसरीची डबी पुढे केली. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड चोळताच चार दिवसांत रक्त बंद झालं. बाई खूश होत्या. दोन वर्षांनी समोरचा दात हलू लागला, तेव्हा कुठे त्या नागपूरला निघाल्या. राज्यांच्या पुनर्रचनेत पांढुर्णं मध्य प्रदेशात राहिलेलं आणि नागपूर आता परराज्यात गेलेलं, त्यामुळे शाळेतून परवानगी काढावी लागली.

दातांच्या डॉक्टरांनी हिरडीखालचं दगडासारखं किटण खरवडून काढलं. "साध्या सुजेला ब्रश आणि मिठाचं पाणी पुरतं. पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही, की आमच्याकडे यायचं. तंबाखूनं रक्त दडलं, रोग आत वाढत राहिला. खाली सरकलेली हिरडी आपोआप वर यायची नाही. मिसरी सोडा. सुरुवातीला रक्त दिसेल, पण हलक्या हातानं घासत राहा."

घरी येऊन त्यांनी मिसरी सोडली. डोकं ठणकू लागलं, वर्गातल्या मुलींवर विनाकारण खेकसणं सुरू झालं, आणि आठव्या दिवशी न्हाणीत लाल थुंकी पडली.

"पाह्य, डाक्टरनं रक्त वापस आणून देल्लं," सासू म्हणाली. "मी काय उगीच सांगून राहिली होती का?"

दिसतं ते रक्त बरं, दडतं ते वाईट, हे प्रतिभाबाईंनी कालच वर्गात फळ्यावर लिहून समजावलं होतं. त्यांनी तोंड खळखळून धुतलं, आणि ओलं बोट सासूच्या मिसरीच्या डबीत बुडवलं.