रूपचंद फिटरचा नवा व्हर्नियर

शहाद्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रूपचंद फिटर होता. मुंबईहून आणलेला व्हर्नियर, बारीक मापे घेणारी सरकपट्टी, तो दागिन्यासारखा मिरवी. एकदा जर्मन इंजिनचा बोल्ट झिजला. तसाच नवा करायचा म्हणून रूपचंदने सगळ्यांसमोर त्याचा व्यास मोजला: मुख्य पट्टीवर अकरा मिलिमीटर, सरकत्या पट्टीची आठवी रेघ जुळली. "अकरा दशांश शून्य आठ!" त्याने ऐटीत जाहीर केले. मग बोल्टच्या दहा आट्यांची लांबी मोजली, सतरा आणि पाचवी रेघ, म्हणजे सतरा दशांश शून्य पाच. दहाने भागून पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, सांगितला, एक दशांश सात शून्य पाच.

लेथवरचा टर्नर उदेसिंग हसू आवरत म्हणाला, "भाऊ, असा आटा कोठे राहस का? पावणेदोनना शे ना?"

रूपचंद चिडला, पण हात थबकला. त्याने व्हर्नियरचे जबडे मिटून पट्ट्या नीट पाहिल्या. सरकत्या पट्टीचे दहा भाग नऊ मिलिमीटरमध्येच बसत होते. म्हणजे एकेका रेघेचे लघुतम माप मिलिमीटरचा दहावा भाग. तो मात्र शतांशाच्या ऐटीत वाचत होता! व्यास अकरा दशांश आठ, दहा आटे साडेसतरा, पिच पावणेदोन.

"उदेसिंग, यंत्र बारीक शे, मन्ही अक्कल जाड शे," त्याने कबूल केले. उदेसिंगने नवा बोल्ट कातला, तो नटात अलगद गेला. पुढे नव्या फिटरला व्हर्नियर देताना रूपचंद आधी स्वतःचीच ही फजिती रंगवून सांगे.