मामांची शुक्रवारची वेळ

मामा हे ऑफिसचे सर्वांत जुने क्लायंट, आणि त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

दर दिवसाआड ते कॅलेंडरवर हजर. 'मामा, प्रत्यक्ष भेट.' ही एंट्री लिहायच्या मावशी. मावशी म्हणजे आर्किटेक्ट साहेबांच्या सेक्रेटरी. त्याआधी उमेदीची वर्षं त्यांनी एका नाटक कंपनीच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहिली होती. नायक मागच्या गावच्या रस्त्यात अडकलाय आणि इथे तिसरी घंटा झालीय, असे प्रसंग त्यांनी विंगेत उभं राहून, पदराचं टोक चावत काढले होते. त्यामुळे दोन प्रयोगांच्या मध्ये रस्ता नावाचं एक पात्र असतं आणि ते कधीच घाईत नसतं, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं.

साहेबांच्या मात्र गावीही नव्हतं. कॅलेंडरमध्ये रिकामी जागा दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. "या ना, बाराला मोकळाच आहे मी!" बाराला ते मोकळे असायचे खरे, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका ट्रकच्या मागे. मावशींनी 'प्रवास' असं लिहून पाहिलं. साहेब म्हणाले, "प्रवास काय, होतो की!" मग एके दिवशी मावशींनी 'मामा' लिहिलं आणि साहेबांनी त्या जागेला पुन्हा बोट लावलं नाही. रस्त्याला कुणी मान देत नाही, माणसाला देतात.

पुढे साहेबांचे गुडघे थकले आणि कारभार त्यांच्या लेकीकडे आला. ताई हुशार, चटपटीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मावशी, हे मामा आपला एवढा वेळ खातात, त्यांचं काम कुठलं चालू आहे?"

"जुने संबंध आहेत," मावशी पुटपुटल्या.

"संबंध पुरे झाले. शुक्रवारी अकराला उत्तरेची साइट आहे, त्यानंतर मामा. मामांना काट मारली. साडेबाराला डॉक्टरांना भेटू, असा मेल टाकलाय."

डॉक्टरांच्या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं काम ऑफिसला जवळजवळ मिळाल्यात जमा होतं. पण उशिरा आले म्हणून त्यांनी याआधी दोन आर्किटेक्टना दारातूनच वाटेला लावलं होतं. आणि हॉस्पिटल दक्षिणेला, बोगद्याच्या पलीकडे.

"ताई, काट मारण्याआधी मामांना एकदा भेटा. आजही उत्तरेच्या साइटनंतर त्यांचीच वेळ आहे. मी येते सोबत."

साइटवरची भेट बाराला संपायची होती. पण कंत्राटदाराला निघता निघता जिन्याची शंका आठवली, आणि गाडी गेटबाहेर पडली तेव्हा सव्वाबारा होऊन गेले होते. कोपऱ्यावर शाळा सुटलेली. पुढे बोगद्याच्या तोंडाशी तीन रांगांची एक होत होती, आणि त्या एकीत शिरायला प्रत्येकाचा हक्क पहिला होता. ताईंनी हॉर्न वाजवला. मागच्याने त्यांना साथ दिली.

"किती लांब राहतात हो हे मामा?"

"आलोय आपण," मावशी म्हणाल्या. "मघापासून त्यांच्याकडेच बसलोय."

ताईंना उमगायला एक अख्खी बस पुढे सरकावी लागली. मग त्या भडकल्या. "म्हणजे इतकी वर्षं बाबांना फसवलंत?"

"फसवलं. पण एका भेटीला उशीर होऊ दिला नाही. आता साडेबारा वाजून गेलेत. बोगदा अजून पुढेच आहे. पलीकडे गाडी लावायला जागा शोधायची, गेटवर पास करून घ्यायचा, लिफ्टची वाट बघायची. शुक्रवारी डॉक्टर घड्याळ बघत बसलेले असतील, ताई."

ताईंचा चेहरा उतरला. मावशींनी हॉस्पिटलला फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टरांच्या सेक्रेटरीने उचलला. आवाज वयस्क, गोड.

"तुमचा मेल पाहिला. मीच फोन करणार होते. साडेबाराला डॉक्टरसाहेबांना जमायचं नाही. जुन्या दवाखान्यातून इकडे यायला निघाले की ते आत्याबाईंकडे असतात."

मावशींनी कान टवकारले. "आत्याबाई बोगद्याच्या बाजूला राहतात का हो?"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "तुम्हाला कसं कळलं?"

"आमचे मामा शेजारीच असतात."

दोघी अशा हसल्या, की शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. डॉक्टरांच्या कॅलेंडरवरच्या आत्याबाई म्हणजेही त्यांच्या सेक्रेटरीने रस्त्यासाठी राखून ठेवलेली वेळच होती.

"शुक्रवारी साडेतीन चालेल? नाहीतर सोमवारी सकाळी दहा," मावशींनी विचारलं. "सोमवारी आम्ही घरून थेट तिकडेच येऊ."

"सोमवार बरा. गेटचे पास आधीच काढून ठेवते."

गाडी बोगद्यात शिरली तेव्हा ताईंनी विचारलं, "मंगळवारी बाजारातून जायचंय. मामांना अर्धा तास पुरेल?"

"बाजारात?" मावशींनी पदर सावरला. "तिथे मामा जेवूनच उठतात. तास धरा."