वर्गमुळाला हात लावू नका

रमणीला अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं झाली. कंजी, म्हणजे तांदळाची पेज, शिजवायची, पोरांची शेंबडी नाकं पुसायची, आणि पोरं घरी गेली की भांडी लख्ख करून पालथी घालायची. अर्धवट काम तिला बघवत नसे. आता सेविकेची जागा रिकामी झाली होती, पण त्याला दहावी लागते. आणि वयाची अट अशी, की यंदा नाही तर कधीच नाही. म्हणून बाई एक्कावन्नाव्या वर्षी, जन्मात पहिल्यांदा, केरळातल्या हरिपाडच्या शाळेत गणिताच्या पेपरला बसली.

पहिली पंधरा मिनिटं फक्त वाचायची, लिहायचं नाही. प्रश्नांकडे बघायची छाती होईना, म्हणून तिने वरच्या सूचनाच वाचल्या. पुन्हा पुन्हा. त्यातली एक अशी: सांगितलं नसेल तर वर्गमुळाची, पायची (π) किंमत काढून उत्तर सोपं करायची गरज नाही.

घंटा झाली. एकेक प्रश्न सोडवत चौदा सेंटिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाची उंची काढली. सात गुणिले तीनाचं वर्गमूळ! इथवर ती बरोबर पोचली. पण असं मूळ लोंबतं कसं ठेवायचं? मुळाची किंमत एक पूर्णांक सातशे बत्तीस सहस्रांश, तिला साताने गुणायला घेतलं. एकदा अकरा आलं, एकदा तेरा. खोडलं, परत मांडलं.

"पंधरा मिनिटं उरलीत," वर्गावर देखरेखीला असलेल्या शैलजा टीचर म्हणाल्या.

शेवटचा पाच गुणांचा प्रश्न कोराच होता. नऊ मुलांची वजनं, त्यांचा मध्यक. देवा रे, वजनं तर ती दर महिन्याला घेते!

तिने हात वर केला. पेपरातली ओळ बोटाने दाखवली.

"टीचर, हे... हे मलाही आहे का?"

"काय ते?"

"गरज नाही, असं छापलंय. ते शाळेतल्या पोरांसाठी असेल ना? मी आपली..."

शैलजा टीचरनी आधी ओळ बघितली, मग तिचा चेहरा. "उत्तर मी सांगणार नाही हं, चेची," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या.

"उत्तर नको. एवढंच सांगा, हे माझ्यासाठी आहे का?"

"पेपर कुणाच्या हातात आहे?"

"माझ्या."

"मग सूचना कुणाला?"

बावीस वर्षांत 'गरज नाही, राहू दे' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले, पण रडायलाही वेळ नव्हता. तिने गुणाकारावर काट मारली, मूळ तसंच ठेवलं आणि वजनं लहानाकडून मोठ्याकडे मांडायला लागली. बरोबर मधलं, पाचवं वजन लिहून खाली रेघ ओढली, तेवढ्यात शेवटची घंटा झाली.

तिने पेपर टीचरच्या हातात दिला.


"राहिलं का काही?" टीचरनी विचारलं.

"एक राहू दिलं," रमणी म्हणाली.