नऊ दिवसांपूर्वी संपलेला कागद

रश्मी हिवराळेला ऑफिसातल्या कुणाचाही वाढदिवस ठाऊक नव्हता. पण प्रितमचं सर्टिफिकेट कधी संपतं, आकाशच्या नूतनीकरणाचा अर्ज कुठल्या महिन्यात टाकायचा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने तारखेसकट सांगितलं असतं. अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर तिचं टेबल होतं आणि टेबलामागच्या भिंतीवर तिने स्वतः आखलेला तक्ता. माणसाचं नाव, कागद, संपण्याची तारीख. ज्याची तारीख जवळ आली त्याच्या मागे ती अशी लागायची की माणसं जिना चढताना आधी वर डोकावून बघत.

चौदा जणांची कंपनी. काम एकच, पाइपांच्या वेल्डमध्ये ध्वनिलहरी सोडून आत कुठे भेग आहे का ते बघायचं. सगळी कामं टेंडरमधून यायची आणि टेंडर आधी विचारतं, तुमच्याकडे माणसं कोण? तिथे माणूस बोलत नाही, त्याचा कागद बोलतो. वीस वर्षांचा अनुभवी हात असो, सर्टिफिकेटची मुदत काल संपली असेल तर टेंडर उघडणाऱ्यांच्या लेखी तो माणूस अस्तित्वातच नसतो.

म्हणून रश्मीचा नियम होता, कागद हातात आल्याशिवाय तक्त्यावर खूण नाही. मालक देवेश सरांनाही सवलत नव्हती. बारा वर्षांत तिने हा नियम एकदाच मोडला, तोही तपासनीस दत्ताराम राणेंसाठी.

त्या मंगळवारी मोठ्या जलवाहिनीचं टेंडर दुपारी तीनला बंद होणार होतं. तीन वर्षांचं काम! याआधीची दोन टेंडरं हातची गेली होती आणि हेही गेलं तर दोन माणसं कमी करावी लागतील, असं देवेश सरांनी तिला खाजगीत सांगितलं होतं. अट साधी होती. दुसऱ्या पातळीचे दोन तपासनीस हवेत, सर्टिफिकेट चालू हवं आणि सोबत बारा महिन्यांच्या आतला डोळ्यांच्या तपासणीचा रिपोर्ट. कंपनीत दुसऱ्या पातळीचे दोघेच, प्रितम आणि दत्ताराम.

अकरा वाजता रश्मी शेवटची फेरतपासणी करायला बसली. दत्तारामचं सर्टिफिकेट अजून दोन वर्षं चालू. छान. मागचं पान उलटलं आणि तिचं बोट तारखेवरच थांबलं. डोळ्यांचा रिपोर्ट गेल्या वर्षीचा होता. बारा महिने नऊ दिवसांपूर्वीच भरले होते.

तक्त्यावर मात्र खूण होती. महिन्यापूर्वी दत्तारामने जिन्यातूनच सांगितलं होतं, "रिपोर्ट गावलो गो, बॅगेत आसा." आणि या शहाण्या बाईने खूण केली होती! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली तिला.

देवेश सरांनी कागद पाहिला आणि खुर्चीत बसले. "वाट लागली." मग हळूच म्हणाले, "ताई, स्कॅनमध्ये नुसतं साल..."

"सर, पुढचं बोलू नका," रश्मी म्हणाली. "खोटा कागद सापडला तर काळ्या यादीत जाऊ. मग हेच काय, कुठलंच टेंडर मिळणार नाही." आणि ती धाडधाड जिना उतरली.

दत्ताराम खाली यंत्र जुळवत बसला होता. सत्तावन्न वर्षांचा, गिरणी कामगाराचा मुलगा, मूळचा कणकवलीकडचा. रश्मीला येताना बघूनच त्याने मान खाली घातली.

"काका, रिपोर्ट कुठाय?"

"नाय गावलो."

"डोळ्यांच्या कॅम्पला गेला होतात ना?"

"गेल्लंय. खालची ओळ वाचूक येयना. मगे डॉक्टरान लिवच्या आधी उठान इलंय." खिशातून त्याने एक वाकडा चष्मा काढला, बोरिवली स्टेशनबाहेर कधीकाळी घेतलेला. "हो लपवन वापरतंय. चष्मो लागलो म्हंजे आमी बाद. माका घरी बसवतीत."

रश्मीला राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. तिने रिपोर्टचा छापील नमुना त्याच्यासमोर धरला. "वाचा. इथे दोन चौकोन आहेत. चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह. दोन्ही चालतात, काका! दर वर्षी याच कागदावर सही करता तुम्ही!"

दत्तारामने कागद लांब धरला, जवळ धरला. "ह्यां बारीक अक्षर कोण वाचता गो?"

रश्मीला हसू आवरेना. "चला, उठा!"

मरोळच्या डॉक्टर गंधाली सामंतांचा दवाखाना एकला बंद व्हायचा. रिक्षा मिळाली, पण मेट्रोखालच्या सिग्नलला अशी अडकली की रश्मीने शेवटी दत्तारामला उतरवलं आणि दोघं चालत, मग जवळजवळ पळत निघाले. तो दम खात म्हणाला, "अगो, डोळे तपासूचे आसत, काळीज नाय!"

साडेबाराला आत. हातभर अंतरही नाही, तीस सेंटिमीटरवर वाचायचं कार्ड. जुन्या चष्म्याने खालची ओळ नुसती मुंग्यांची रांग. डॉक्टरांनी एकामागून एक भिंगं बदलली आणि दत्ताराम एकदम घडाघडा वाचायला लागला, पहिलीतल्या पोरासारखा मोठ्याने.

"वाचता आलं!" रश्मी ओरडली. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दचकले.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "हा चष्मा नाकावर असल्याशिवाय मी सही करणार नाही." शेजारच्या दुकानात त्याच नंबरचा तयार चष्मा मिळाला. तो घालून पुन्हा कार्ड, मग रंगांची तपासणी. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. चष्म्यासह, पात्र.

पावणेदोनला ऑफिस. आता नुसता रिपोर्ट जोडून भागणार नव्हतं. तपासनीसांच्या यादीतही तारीख बदलायला हवी, नाहीतर दोन कागद दोन गोष्टी बोलतील. रश्मीने यादी नव्याने छापली, देवेश सरांनी सही-शिक्का मारला, स्कॅन, डिजिटल सहीचं टोकन, अपलोड. पोर्टल फिरत राहिलं. दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी बोली सादर झाल्याची पावती पडद्यावर आली आणि देवेश सरांनी टेबलावर अशी थाप मारली की पेन खाली पडलं. "झकास!" रश्मी तर चक्क नाचली. बारा वर्षांत तिला कुणी तसं पाहिलं नव्हतं.

आनंदाच्या भरात ती दत्तारामला सांगायला खाली धावली. तो नवा चष्मा लावून यंत्राच्या पडद्यापुढे बसला होता.

"काका, गेलं टेंडर! वेळेत गेलं!"

"बरां झालां," तो म्हणाला, पण वळला नाही. "रश्मी, ही भेगेची बारकी रेघ बघ. माका वाटायचां, यंत्र जुनां झालां म्हणान पुसट दिसता." त्याने चष्मा काढला, परत लावला. "गेल्या दोन म्हयन्यांत मी भांडुपच्या पाण्याच्या पायपांचे सात जोड पास केलंय. ते परत बघूक व्हये."

मागोमाग उतरलेले देवेश सर जिन्यातच थांबले. "काका, रिपोर्ट देऊन झालेत. पार्टी विचारेल ना, का म्हणून? आजच?"

दत्तारामने यंत्र पेटीत भरायला घेतलं.

इतकी वर्षं रश्मीने ते कागद टेंडरसाठी जपले होते. डोळ्यांचा रिपोर्ट का मागतात, असा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. त्या सात जोडांमधून पुढे पाणी धावणार होतं. तिने तिथल्याच टेबलावरचा फोन उचलला आणि सरांकडे न बघता भांडुपच्या पार्टीचा नंबर फिरवला.

"नमस्कार, रश्मी हिवराळे बोलतेय. आमच्या तपासनीसांना नवा चष्मा लागलाय. तुमचे सात जोड आम्ही पुन्हा तपासणार आहोत. उद्या सकाळी किती वाजता येऊ?"