दोन्ही वेग सारखे असताना

बाबा गेल्याच्या आठव्या दिवशी मी मरोदा गावी आमच्या घरी कॉलेजच्या बीएस्सीचे रसायनशास्त्राचे पेपर तपासत होते. दुपार होती आणि आई समोर नुसती बसून होती. प्रश्न मीच काढला होता. अ पासून ब तयार होतो आणि ब पासून क, तर ब सगळ्यात जास्त कधी असतो? सूत्र सोपं आहे. दोन्ही वेग स्थिरांकांच्या, म्हणजे अ आणि ब किती वेगाने बदलतात त्या आकड्यांच्या, भागाकाराचा लॉग घ्यायचा आणि त्याला दोघांमधल्या फरकाने भागायचं. मी मुद्दाम दोन्ही स्थिरांक सारखे दिले होते, मिनिटाला ०.१. मग वर शून्य येतं, खालीही शून्य, आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो.

एका पोराने लिहिलं होतं, "एरर येते, म्हणून ब कधीच जास्तीत जास्त होत नाही."

मला चीड आली. सूत्र अडलं म्हणून ब वाढायचा थांबतो का? समीकरण मुळापासून सोडवलं असतं तर उत्तर मिळालं असतं, एक भागिले ०.१, म्हणजे दहावं मिनिट. मी लाल पेनाने लिहिलं, "सूत्र चालत नाही, पण ब वाढतोच." आणि शून्य दिलं.

आई म्हणाली, "तू एकदाबी रडली नाही. तुले काहीच वाटून नाही राहिलं का?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

मी पुढचा पेपर ओढला. त्यातही तेच उत्तर होतं. शून्य द्यायला माझा हात उठला नाही.